हे पाच ओळींचं टिपण फाडून टाक

इंदापूरची एसटी लागेपर्यंत बारामतीच्या स्टँडवर उभ्या उभ्या वाचता यावं म्हणून तू प्रकाशसंश्लेषणाचं अख्खं प्रकरण पाच ओळींत बसवलंस. ते टिपण आता होस्टेलभर फिरतंय. टिपण केलंस याचा मला राग नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री कुणी पूर्ण प्रकरण वाचत बसू नये, असं मीच वर्गात सांगतो. राग याचा आहे की तुझ्या पाचांपैकी तीन ओळी धडधडीत चुकीच्या आहेत, चौथी अर्धवट आहे आणि पाचवीत तू काहीच लिहिलेलं नाहीस. तुझ्यावर विश्वास ठेवून ती पोरं तेच घोकून पेपरला बसतील, त्यांचं काय करायचं ते सांग.

तुझ्याच अक्षरातलं तुला वाचून दाखवतो.

१. वनस्पती प्रकाशात अन्न तयार करतात आणि कार्बन डायऑक्साइडपासून ऑक्सिजन सोडतात.
२. लाइट रिअॅक्शन दिवसा, डार्क रिअॅक्शन रात्री.
३. आधी पीएस-वन, मग पीएस-टू, मग एटीपी.
४. केल्विन सायकलमध्ये ग्लुकोज बनतं.
५. सी-थ्री, सी-फोर, कॅम : फरक बघणे.

पहिली ओळ घे. ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधून येत नाही, पाण्यातून येतो. १९४१ साली रूबेन आणि केमन यांनी क्लोरेला नावाच्या शेवाळाला जड ऑक्सिजन असलेलं पाणी दिलं, आणि तोच जड ऑक्सिजन वायू होऊन बाहेर आला. हे तू प्रकरणात वाचलं आहेस, कारण त्याखाली तुझी पेन्सिलची रेघ आहे. मग टिपणात उलटं कसं उतरलं? समीकरण सहा पाण्यांचं धरलंस म्हणून. समीकरण असं लिही: 6CO2 + 12H2O → C6H12O6 + 6H2O + 6O2. आता अणू मोज. डावीकडच्या सहा CO2 मध्ये ऑक्सिजनचे १२ अणू. त्यातले सहा ग्लुकोजमध्ये गेले, सहा नव्या पाण्यात गेले, संपले. बाहेर पडणाऱ्या सहा O2 साठी जे १२ अणू लागतात ते बारा पाण्यांतूनच येऊ शकतात. दोन्ही बाजूंची सहा पाणी कापून समीकरण लहान केलंस की आकडे जुळतात, पण ऑक्सिजन कुठून आला ते दिसेनासं होतं. लहान करताना नेमकं हेच होतं. जे कापलं त्यातच उत्तर असतं.

दुसऱ्या ओळीबद्दल मला तुझा सर्वांत जास्त राग आला. ‘डार्क’ शब्द दिसला आणि तू रात्र लिहून मोकळा झालास. केल्विन चक्राला प्रकाश थेट लागत नाही इतकाच त्या नावाचा अर्थ. चक्र चालवायला एटीपी आणि एनएडीपीएच लागतात, आणि ते दोन्ही प्रकाश असेपर्यंतच तयार होतात. पान त्यांचा रात्रभर पुरेल असा साठा करत नाही. उजेड गेला की हा पुरवठा तुटतो आणि चक्र थांबतं. शिवाय रुबिस्कोसह या चक्रातली महत्त्वाची विकरं प्रकाशातच जागी होतात. प्रकाश पडला की स्ट्रोमातली आम्लता कमी होते, मॅग्नेशियम वाढतं, तेव्हा ती कामाला लागतात. म्हणजे दोन्ही टप्पे दिवसाचेच. फरक जागेचा आहे: पहिला थायलाकॉइडच्या पडद्यावर, दुसरा बाहेरच्या स्ट्रोमात. वेळ लिहू नकोस, जागा लिही.

तिसऱ्या ओळीत क्रम उलटा आहे. इलेक्ट्रॉन पाण्याकडून आधी पीएस-टूकडे जातो, मग पीएस-वनकडे. आकडे शोध लागण्याच्या क्रमाने दिले गेले, कामाच्या क्रमाने नाहीत. एवढं एक वाक्य लक्षात ठेवलं असतंस तर चूक झाली नसती. चौथी ओळ खोटी नाही, पण तिच्यावर एकही गुण मिळणार नाही. चक्रातून थेट बाहेर पडते ती तीन कार्बनची साखर, ग्लुकोज आणि सुक्रोज त्यातून पुढे होतात. आणि खर्च कुठे लिहिलास? एका CO2 ला तीन एटीपी, दोन एनएडीपीएच. सहाने गुणलं की ग्लुकोजचे १८ आणि १२ मिळतात. १८ आणि १२ वेगळे पाठ करायची गरजच राहत नाही.

आता पाचवी. ‘फरक बघणे.’ कुठे बघणार? परीक्षेच्या हॉलमध्ये?

तू रोज ज्या गाडीने येतोस ती लासुर्णे, सणसर, भवानीनगर करत येते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस, पुढे उसाच्या ट्रॉल्या, भवानीनगरला कारखाना. या प्रकरणातला सर्वांत अवघड भाग जगाला उसाच्या पानामुळेच कळला, आणि नेमका तोच तू गाळलास. केल्विन यांनी क्लोरेलावर काम केलं होतं. तिथे कार्बन सर्वांत आधी तीन कार्बनच्या पीजीएमध्ये सापडला, आणि सगळ्या वनस्पतींत तसंच असणार असं धरलं गेलं. हवाईमधल्या ऊस संशोधकांनी, म्हणजे कॉर्टशॅक, हार्ट आणि बर यांनी, उसाच्या पानाला किरणोत्सारी CO2 दिला, तर कार्बन आधी मॅलिक आणि अॅस्पार्टिक या चार कार्बनच्या आम्लांत सापडला. त्यांचा निबंध १९६५ सालचा. पुढच्याच वर्षी ब्रिस्बेनला एका साखर कंपनीच्या प्रयोगशाळेत हॅच आणि स्लॅक यांनी या मार्गाचा आराखडा मांडला. पुस्तकात हॅच-स्लॅक मार्ग म्हणतात तो हाच.

उसाला हा लांबचा मार्ग का हवा, हे कळलं तरच फरक लक्षात राहील. दोष रुबिस्कोचा आहे. ते विकर CO2 ऐवजी ऑक्सिजनही पकडतं. ऊन वाढलं, पानाने पाणी वाचवायला रंध्रं मिटली, की पानात CO2 कमी होतो, ऑक्सिजन वाढतो आणि रुबिस्कोची ही चूक वाढत जाते. हातात साखर येत नाही, उलट आधी धरलेला कार्बन सुटतो. हेच फोटोरेस्पिरेशन. इंदापूरच्या उन्हात डाळिंब, द्राक्ष, सोयाबीन, ही सगळी सी-थ्री पिकं हा तोटा सोसतात.

ऊस तो टाळतो. मेसोफिलच्या पेशीत रुबिस्को नाही, पेप कार्बोक्सिलेज आहे, आणि ते ऑक्सिजनला हात लावत नाही. ते कार्बन धरतं, चार कार्बनचं आम्ल तयार होतं, ते शिरेभोवतीच्या बंडल शीथ पेशींत जातं आणि तिथे CO2 सोडतं. रुबिस्को फक्त तिथे. त्याच्याभोवती CO2 इतका दाटतो की ऑक्सिजनला जागा मिळत नाही. उसाच्या बंडल शीथमधल्या हरितलवकांत ग्रॅना नसतात, हे तुला आकृतीत दिसलं असेल. त्याचं कारणही इथेच आहे. ग्रॅना नाहीत म्हणजे पीएस-टू जवळपास नाही, म्हणजे तिथे पाणी फुटत नाही, म्हणजे रुबिस्कोच्या शेजारी नवा ऑक्सिजन तयारच होत नाही. ‘कारणे द्या’ म्हणून विचारलं तर असं उत्तर लिहायचं असतं.

हे फुकट होत नाही. रिकामं झालेलं तीन कार्बनचं आम्ल परत कामाला लावायला दर CO2 मागे दोन एटीपी जास्त लागतात. म्हणजे तीनऐवजी पाच, ग्लुकोजमागे १८ ऐवजी ३०. कडक उन्हात हा जादा खर्च परवडतो, थंड आणि ढगाळ हवेत सी-थ्रीलाच फायदा राहतो. म्हणून गहू-हरभरा आपल्याकडे रब्बीतच पेरतात, असं एवढ्यावरून लिहू नकोस, त्याला इतरही कारणं आहेत. आणखी एक फसवी गोष्ट. सी-फोर पीक पाण्याचा वापर काटकसरीने करतं, हे एक किलो वाढीमागे लागणाऱ्या पाण्यापुरतं खरं आहे. म्हणून ‘उसाला पाणी कमी लागतं’ असं लिहिलंस तर नीरा डाव्या कालव्याच्या पाळीची वाट बघणारा तुझा बाप तुला घरात घेणार नाही. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने उभा असतो आणि प्रचंड वाढतो, म्हणून एकूण पाणी भरपूरच लागतं.

कॅममध्ये हीच युक्ती जागेऐवजी वेळेवर चालते. निवडुंग आणि अननस रात्री रंध्रं उघडून CO2 आम्लात साठवतात, दिवसा रंध्रं मिटून तोच केल्विन चक्राला देतात. इथेसुद्धा केल्विन चक्र दिवसाच चालतं. तुझी दुसरी ओळ इथेही वाचत नाही.

आता नीट लिहून घे. व्हॅन हेल्मोंट, प्रीस्टली, रंगद्रव्यांचा तक्ता हे गाळलं तरी चालेल. ब्लॅकमनच्या नियमाला ओळ देऊ नकोस, त्याचा आलेख एकदा हाताने काढ. गाळायचं नाही ते एवढंच: क्रिया कुठे होते, आत काय जातं, बाहेर काय येतं, आणि का.

१. पाणी फुटून ऑक्सिजन सुटतो, CO2 चा कार्बन साखरेत जातो. पाणी १२, कारण O2 सहा.
२. थायलाकॉइड: पाणी → पीएस-टू → पीएस-वन → एनएडीपीएच, वाटेत प्रोटॉन आत साठतात, ते बाहेर पडताना एटीपी.
३. स्ट्रोमा, दिवसाच: रुबिस्को CO2 ला पाच कार्बनच्या आरयूबीपीला जोडतं, पीजीए बनतं, दर CO2 ला ३ एटीपी, २ एनएडीपीएच.
४. ऊन, मिटलेली रंध्रं: रुबिस्को ऑक्सिजन धरतं, कार्बन वाया जातो, हे फोटोरेस्पिरेशन.
५. उपाय दोन: सी-फोर (ऊस, मका, ज्वारी) जागा बदलतं, ५ एटीपी, कॅम (निवडुंग, अननस) वेळ बदलतं.

हेही पाठ करू नकोस. प्रत्येक ओळीवर बोट ठेव आणि स्वतःला विचार: हे कुठे होतं? हे नसतं तर काय झालं असतं? पुस्तक न उघडता तीन-चार वाक्यं सुचली तर ती ओळ तुझी झाली. नाही सुचली तर त्या ओळीपुरतं प्रकरण उघड, सगळं नाही. प्रकरण एकदाही न वाचलेल्याला या पाच ओळींचा काडीचा उपयोग नाही, हे ज्यांना टिपण वाटलंस त्यांनाही सांग.

आज घरी जाण्याआधी होस्टेलवर जाऊन जुनं टिपण सगळ्यांकडून परत घे. मग नव्या पाच ओळी पुस्तक मिटून, तुझ्या शब्दांत कोऱ्या कागदावर उतरव आणि उद्या पहिला तास सुरू व्हायच्या आधी मला स्टाफरूममध्ये आणून दे.