आरीचा ब्लाउज आणि तासांची वही

चि. पोरीस,


तुझं पत्र मिळालं. दिवसभर मशीनवर बसतेस, पँटची लांबी कमी कर, कुर्त्याच्या बाजू दाब, चेन बदल, आणि संध्याकाळी गल्ल्यात पाच-सहाशेच्या वर जात नाही, असं लिहिलं आहेस. आमगावला आरी वर्कचा वर्ग केलास, हात बसला, तर आता अल्टरचं काम बंद करून लग्नाचे ब्लाउज घ्यावेत का, असं विचारतेस. घ्यावेत. पण त्याआधी एक हिशेब तुझ्यासमोर मांडते, कारण मी स्वतः तो फार उशिरा मांडला आणि दोन लग्नसराया फुकट राबले.

आधी तुझं आजचं काम धरू. आठ तासांत बारा-तेरा गिऱ्हाइकं, सहाशे रुपये. दोरा-वीज चाळीस रुपये वजा केले की 560 उरतात, म्हणजे तासाला सत्तर.

आता तुझ्या मनातला ब्लाउज घे. पाठीचा गळा पूर्ण भरलेला, दोन्ही बाह्या कोपरापर्यंत भरलेल्या. खाका उतरवायला एक तास, अड्ड्यावर कापड ताणायला अर्धा, भरायला चौदा, कापून शिवायला चार, ट्रायल आणि फिनिशिंगला दीड. झाले एकवीस तास. सामान म्हणशील तर अस्तर 70, जरी-मोती-कटदाणा 220, हुक आणि लटकन 90, दोरा-वीज 20, असे 400. शेजारच्या बाई पंधराशे घेतात म्हणून तूही पंधराशे घेतलेस, तर हातात उरले 1100. एकवीस तासांनी भाग. तासाला बावन्न रुपये. पँटची लांबी कमी करून तुला सत्तर मिळत होते.

मी हेच करत होते. ब्लाउज सुंदर व्हायचा, बाई खूश व्हायची, आणि मला वाटायचं की मोठं काम मिळालं. म्हणून पहिली गोष्ट, एक वही कर. प्रत्येक ब्लाउजच्या पानावर बसल्याची आणि उठल्याची वेळ लिही. मध्ये चहाला उठलीस, तरी लिही. तीन ब्लाउज झाले की तुझा हात तासाला किती भरतो ते तुला कळेल आणि मग शेजारच्या बाईंचा भाव विचारायची गरज राहणार नाही. तासाला 110 रुपये हवे असतील, तर वरचा भरगच्च ब्लाउज 2700 च्या खाली घेऊ नकोस. एकवीस गुणिले 110, त्यात सामानाचे चारशे, वरचे दहा सोडले. भाव ऐकून बाई परत गेली तर जाऊ दे.

पण आपल्याकडे सगळ्याच नवऱ्यामुलींच्या घरी सत्तावीसशे नाहीत. धान निघून हातात पैसा आला तरी तो आधी मंडप, जेवण आणि सोन्याला जातो. त्यामुळे खरा नफा भरगच्च ब्लाउजात नाही, थोडक्या कामाच्या ब्लाउजात आहे. फोटोत काय दिसतं ते बघ. पाठीचा गळा दिसतो आणि बाहीची कड दिसते. पुढची बाजू पदराखाली जाते, बाहीचा वरचा भाग कुणी बघत नाही. गळ्याभोवती दोन बोटांची पट्टी आणि बाहीला तीन बोटांची कड, एवढंच भर. हे सहा तासांचं काम आहे. खाका आधी वापरलेला असेल तर अर्ध्या तासात उतरतो. अड्डा अर्धा तास, शिलाई साडेतीन, ट्रायल एक तास. झाले साडेअकरा. सामान तीनशेचं. सोळाशे घेतलेस तर तेराशे उरतात, म्हणजे तासाला एकशेतेरा. आणि गिऱ्हाइकाला तो भरगच्च ब्लाउजपेक्षा अकराशेने स्वस्त पडतो.

ह्यासाठी तुला आपल्याच भागातली एक नक्षी सुचवते. भंडारा आणि नागपूरकडची टसरची करवती साडी तू पाहिली आहेस. करवतीच्या दात्यांसारखा काठ असतो म्हणून ते नाव. 1999 साली 1 मे रोजी आपला गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला, पण लग्नाच्या पेटीत ती साडी अजून येते. तिच्या काठाचेच दाते घेऊन बाहीच्या कडेला जरीच्या साखळी टाक्याने भर. सगळ्या सरळ रेघा, फक्त टोकाला वळण. फुलापानांना लागतो त्याच्या निम्मा वेळ लागतो. साडी आणि ब्लाउज एकाच हाताचे वाटतात, आणि तयार ब्लाउजच्या दुकानात त्या काठाला जुळणारं काही मिळत नाही. दात्यांचा एक खाका तीन मापांत करून ठेव. ट्रेसिंग पेपरवर काढून बारीक सुईने टोचायचा, की वर्षभर चालतो.

आता माझी चूक सांगते. पहिला आरीचा ब्लाउज मी आधी कापला आणि मग भरला. टाक्यांनी कापड आत ओढलं आणि गळा अर्धा इंच लहान झाला. गिऱ्हाइकाला नवं कापड घेऊन द्यावं लागलं, महिन्याची कमाई त्यात गेली. तेव्हापासून मी ब्लाउजचं कापड अख्खंच अड्ड्यावर चढवते. त्यावर पाठ आणि बाह्या मापाने आखते, रेघेबाहेर चारी बाजूंनी दीड इंच सोडते, भरते, अड्ड्यावरून उतरवून रात्रभर तसंच ठेवते, आणि सकाळी पुन्हा माप लावून मगच कात्री चालवते. तुझ्या टसरसाठी आणखी एक. टसरचे धागे कडेने भराभर सुटतात, म्हणून अड्ड्यावर चढवण्याआधी चारी कडा इंटरलॉक करून घे. खाली पातळ सुती कापड जोडून दोन्ही एकत्र ताण, म्हणजे टाके टसरला ओढत नाहीत.

अड्डा नीट ताणला आहे का, हे बोटाने टिचकी मारून कळतं. डफासारखा आवाज यायला हवा. दुपारी सैल झालं तर उठून पुन्हा ताण, आळस करू नकोस. सैल कापडावरचे टाके वेडेवाकडे पडतात. उतरवल्यावर गळ्याभोवती कापडाला लाट आली, तर दोरा जास्त ओढला गेला असं समज. त्याला इस्त्रीचा इलाज नाही. शिलाईच्या रेघेपासून अर्धा इंच मोती-कटदाणा लावायचा नाही, सुई मोडते. तेवढी जागा फक्त दोऱ्याने भर, किंवा शिवून झाल्यावर हाताने मोती लाव. इस्त्री उलटीकडून, खाली टॉवेल घालून, म्हणजे जरी काळी पडत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टाक्याचं टोक. आरीचा टाका साखळी असतो. शेवट बांधला नाही तर टोक ओढलं की अख्खी ओळ उसवते. काम देण्याआधी कापड उलटं कर, प्रत्येक टोक चिमटीत धर आणि हलकं ओढून बघ. सुटलं तर तिथेच पक्कं कर. वरातीत गळ्याची ओळ उसवली तर त्या घरचं पुढचं काम तुझ्याकडे येणार नाही, आणि ते घर पाच घरांना सांगेल.

खाका उतरवताना गडद कापडाला रॉकेलमध्ये कालवलेली पांढरी झिंक पावडर चालते. फिक्या टसरला मात्र नीळ अगदी थोडी घे आणि आधी कोपऱ्यावरच्या तुकड्यावर लावून बघ. डाग राहिला तर तो ब्लाउज तुझाच.

आता फिटिंगबद्दल थोडं. आरीच्या कामाला भाव मिळतो तो फिटिंगमुळे, हे तुला सांगायला नको. अल्टर करताना तूच लोकांच्या चुकलेल्या बगला आणि ओढलेले टक्स सोडवतेस. म्हणून अल्टरचं काम मी बंद कर म्हणणार नाही. संध्याकाळचे दोनच तास त्याला ठेव, आणि पन्नासच्या खाली काहीच घेऊ नकोस. ज्या बाईचा कुर्ता तू नीट केलास, तिला तिच्या मुलीच्या लग्नात तूच आठवशील. त्या लग्नाच्या ब्लाउजला आधी मांजरपाटाचा कच्चा ब्लाउज शिव, अंगावर घालून बघ, खडूने खुणा कर. तो मांजरपाट उसवून नाव लिहून ठेव, तोच तिचा साचा. पुढचे ब्लाउज माप न घेता शिवशील. आणि आत बाजूला दीड इंच मार्जिन सोड. साखरपुड्यापासून लग्नापर्यंत मुली बारीक होतात नाहीतर भरतात, हे मी दरवर्षी बघते.

पैसे निम्मे आधी घे, सामान आणण्याआधी. नागपूरला गांधीबाग-इतवारीत जरी-मोती स्वस्त मिळतात, पण एका ब्लाउजसाठी रेल्वेचं भाडं आणि अख्खा दिवस घालवू नकोस. रोवणीच्या दिवसांत काम मंदावतं. तेव्हा जा, चार रंगांची जरी आणि दोन प्रकारचा कटदाणा एकदम आण, आणि पावसाळ्यात हातभर कापडावर कडांचे नमुने भरून ठेव. गिऱ्हाईक फोटो बघून मागतं आणि मग भावावरून वाद घालतं. नमुना हातात दिला की बोट फिरवतं आणि ठरवतं. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात, म्हणून दिवाळीआधी ऑर्डर बंद करायची तारीख ठरव. आठवड्यातून तीन ब्लाउजांच्या वर घेऊ नकोस. ट्रायलला, बाजारहाटीला आणि अल्टरच्या दोन तासांना मिळून वेळ लागतोच.

दुसरी मशीन घ्यावी का, असंही विचारलं आहेस. दुसरी शिलाई मशीन नको, आधी इंटरलॉक घे. प्रधानमंत्री विश्वकर्मा योजना 2023 च्या सप्टेंबरात सुरू झाली, तिच्यातल्या अठरा धंद्यांमध्ये शिंपीकाम आहे. प्रशिक्षणात दिवसाला 500 रुपये भत्ता, अवजारांसाठी पंधरा हजारांपर्यंतचं व्हाउचर आणि पुढे पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत कर्ज, पाच टक्के व्याजाने. एका घरातून एकालाच घेता येतं, तेव्हा आधी भाऊजींना विचार, त्यांनी सुतारकामाचा अर्ज केला आहे का. अर्ज ग्रामपंचायतीच्या सेवा केंद्रातून जातो. सध्या शिंप्यांची नोंदणी घेतात का, हे तिथेच विचार. कर्ज मात्र वहीत दोन महिन्यांचे तास लिहून झाल्याशिवाय घेऊ नकोस.

तुझ्या पेटीतल्या करवतीचा पदर आणि ब्लाउजपीस घेऊन येत्या रविवारी गोंदियाला ये. खाका मी टोचून ठेवते. येताना वही आण, पहिल्या पानावर ह्या आठवड्यातल्या अल्टरच्या वेळा लिहिलेल्या हव्यात.

तुझी,
मावशी