फार मानी

हिंदीतून मराठीत येताना ‘गर्व’ आणि ‘अभिमान’ हे शब्द बहुधा आपापसांत जागा बदलतात. लेकीच्या यशाचा हिंदीत बापाला गर्व वाटतो, मराठीत अभिमान. उलट मराठीत गर्वाचे घर खाली असते, आणि हिंदीत कुणाला अभिमानी म्हटले तर ती सहसा तक्रारच. बंगालीत अभिमान म्हणजे आपल्या माणसावरचा रुसवा, कन्नडमध्ये अभिमानी म्हणजे चाहता. इथवरचे काम कोशावर भागते.

एका हिंदी कथेतल्या वाक्याने मात्र मला अडवले. धुणीभांडी करणारी बाई मालकिणीने दिवाळीला दिलेली जुनी साडी परत करते. पुढे लेखक एवढेच लिहितो, की तिच्यात अभिमान फार होता. हे निवेदक म्हणतो की मालकीण, ते कळत नाही. हिंदी ‘अभिमान’ दोघींचा भार पेलतो. मराठीत मला बाजू घ्यावी लागते. ‘स्वाभिमान’ लिहिला तर मी मोलकरणीच्या बाजूला, ‘माज’ लिहिला तर मालकिणीच्या.

‘माज’ हा मूळचा गोठ्यातला शब्द. गाय माजावर येते, बैल खाऊन माजतो. माणसाला लावला की त्यात ‘आमचे खाऊन’ हे न बोलता येते. म्हणून तो बहुतेक वरून खाली फेकला जातो. साहेबाचा असतो तो रुबाब, पाटलाचा दरारा. नोकराने मान ताठ ठेवली की माज, सुनेने ठेवली की तोरा. (साहेबालाही माज येतो, पण तसे डबा खाताना, त्याच्या पाठीमागे म्हणायचे.) हल्ली ‘गर्व नाही, माज आहे’ असे गाडीच्या काचेवर मिरवतात. ज्यांना हा शब्द ऐकून घ्यावा लागतो, त्यांच्याकडे बहुधा गाडी नसते.

मग हा गुण की दोष, हे फक्त बोलणाऱ्याच्या जागेवरून ठरते का? मला तसे वाटत नाही. दुसऱ्याला कमी लेखले गेले का, हे पाहता येते. कथेतली बाई साडीची घडी नीट घालून ठेवते, एक शब्द बोलत नाही, दुसऱ्या दिवशी वेळेवर कामाला येते. मालकिणीचे काही गेलेच असेल, तर देणारी म्हणून मिळणारे समाधान. त्याला मी उद्धटपणा म्हणणार नाही.

पण हा माझा निवाडा झाला. लेखकाने तो दिलेला नाही, तर अनुवादात घुसवायचा मला काय अधिकार? शेवटी ‘मानी’ सापडला. एरवी तो कौतुकाचाच, पण आधी ‘फार’ लागला की त्यात मुरका येतो. ‘फार मानी होती ती.’ संपादकांनी समासात ‘स्वाभिमानी करावे का?’ असे लिहून पाठवले. मी ‘मानी’च ठेवला.