बत्तीसशे

साहेब गेल्याचा निरोप शनिवारी दुपारी आला. सोमवारी शाखा उघडायच्या आधी सव्वानऊला सगळ्यांनी जमायचं, दोन शब्द बोलायचे आणि स्तब्धता पाळायची, असं शाखाधिकाऱ्यांनी ठरवलं. त्या दोन शब्दांचं काम माझ्याकडे आलं, कारण साहेबांच्या हाताखाली काम केलेला आणि अजून नोकरीत असलेला शाखेत मी एकटाच उरलो होतो. “तीन मिनिटं, जास्त नको. साहेबांच्या घरून काकू येणार आहेत,” एवढंच त्यांनी बजावलं.

मी इतिवृत्ताची फाईल काढली. आमच्याकडे कुणी गेलं की शोकप्रस्ताव होतो, आणि त्याची भाषा ठरलेली आहे: मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष, अजातशत्रू, कधीही न भरून येणारी पोकळी. प्रस्तावाला ती चालते. तो ठराव आहे, नोंदवहीत जातो, खाली सह्या होतात. मी तोच समोर ठेवून भाषण उतरवायला घेतलं. नाव बदललं, हुद्दा बदलला, शेवटी ‘ईश्वर मृतात्म्यास शांती देवो’ आलं. वीस मिनिटांत काम झालं.

जिवंतपणासाठी मधे एक प्रसंग घातला. तो शाखेत सगळ्यांना पाठ आहे. १९९४ साली एका बाजाराच्या दिवशी कॅश नऊशे रुपयांनी कमी आली, कॅशियर ताई रडायला लागल्या, आणि साहेबांनी मुकाट्याने खिशातून नऊशे काढून ड्रॉवरमध्ये ठेवले. नवीन लागलेल्या प्रत्येकाला आम्ही हा किस्सा सांगत आलो. मीही सांगितलाय, हातवारे करून.

रविवारी सकाळी कागद घेऊन ताईंकडे गेलो. निवृत्त होऊन त्यांना दहा वर्षं झाली. त्यांनी चष्मा लावून पहिला परिच्छेद वाचला आणि कागद खाली ठेवला.

“हे मागच्या वर्षी वसुली अधिकारी गेले तेव्हा वाचलं होतंस ना?”

मी गप्प बसलो.

“ते माणसावर ओरडायचे. साहेब तीस वर्षांत कधी ओरडले नाहीत, पण आवाज खाली आणून असं काही विचारायचे की ओरडलेलं परवडलं. आणि तू दोघांना एकच सदरा घातलास.” मग त्या खालचा प्रसंग वाचायला लागल्या. वाचता वाचता त्यांचा चेहरा बदलला. “आणि हे कुणी सांगितलं तुला? साहेबांनी पैसे भरले म्हणून?”

“सगळेच सांगतात, ताई.”

“कॅश माझी कमी आली होती. मला कुणी विचारलंय का?”

आता ऐकताना नवल वाटतं, पण तीस वर्षांत खरंच कुणी विचारलं नव्हतं.

त्यांनी सांगितलं ते असं. संगणक यायच्या आधीचे दिवस. बाजारादिवशी काउंटरवर इतकी झुंबड की ताई नुसत्या नोटा मोजून देत राहायच्या, पेमेंटची वही मागे पडायची. नियमाने रक्कम देतानाच वहीत चढायला हवी. पण संध्याकाळी कुणीतरी शेजारी बसून स्लिपा बोलायचा आणि ताई लिहायच्या. त्या दिवशी वही संपवून रोकड मोजली, तर वहीपेक्षा नऊशे कमी. पुन्हा मोजली. नऊशेच.

ताईंनी पर्स उघडली. घरखर्चाचे पैसे होते त्यात, ते ड्रॉवरमध्ये टाकून मोकळं व्हायचं त्यांच्या मनात होतं. साहेबांनी पर्स बंद करायला लावली. रोकड कमी आल्याची नोंद रजिस्टरमध्ये लिहिली, रक्कम अंकी आणि अक्षरी घातली, ताईंची सही घेतली, स्वतःची केली.

“इतका राग आला होता मला त्यांचा! तीन वर्षांची नोकरी, आणि नावावर डाग. मी म्हटलं, साहेब, माझे पैसे मी भरते, तुमचं काय जातं? तर म्हणाले, तुम्ही पैसे भरलेत तर कॅश जुळेल, पण चूक आहे तिथेच राहील. महिनाअखेरीला बचत खात्यांची बेरीज मारली की हेच नऊशे पुन्हा समोर उभे राहतील. तेव्हा आजचा दिवस कुणाला आठवणार?”

हे खरंच तसंच असतं. स्लिपेवरून खातेदाराच्या खात्याला रक्कम नावे पडलेली असते, ती बरोबर. वहीवरून रोजकीर्द आणि खतावणी होते, ती चूक. खिशातून पैसे घातले तर ड्रॉवर जुळतो, पण खात्यांची बेरीज आणि खतावणीतला आकडा यांत फरक राहतो, आणि तीस दिवसांच्या ढिगात तो शोधायचा म्हणजे सुई शोधण्यातला प्रकार.

मग साहेब खुर्ची ओढून बसले. दोनशेच्या आसपास स्लिपा होत्या, पण त्यांनी एकदम टिका मारायला घेतलं नाही. आधी एका कागदावर ९०० लिहिलं. अर्धे केले, ४५०. दिलेले साडेचारशे चुकून जमेच्या बाजूला लिहिले गेले तर फरक दुपटीने पडतो, म्हणून ४५०ची नोंद शोधली. जमेला तशी एकही नव्हती. नंतर शून्य: हजार दिले आणि वहीत शंभरच लिहिले, तरी नऊशेच कमी येतात. हजाराच्या चार स्लिपा होत्या, चारही बरोबर चढलेल्या. मग त्यांनी ९००ला नऊने भागलं. भाग गेला, शंभर आले. शेजारशेजारचे दोन आकडे उलटे पडले की फरकाला नऊने नेहमी भाग जातो. इथे शंभर आले म्हणजे उलटापालट हजार आणि शेकडा यांच्यात झालीय, आणि त्या दोन आकड्यांत एकाचाच फरक आहे: बाराशे-एकवीसशे, तेवीसशे-बत्तीसशे, चौतीसशे-त्रेचाळीसशे, असे. दोनशे स्लिपांत अशा रकमांच्या निघाल्या फक्त सात.

नऊने भाग गेला म्हणजे चूक सापडली, असं मात्र नाही. नोटांची गड्डी मोजण्यातही नऊशेची चूक होऊ शकते, आणि दोन वेगवेगळ्या चुकांची बेरीजही योगायोगाने नऊशे भरू शकते. आधी कुठे पाहायचं, एवढंच तो भागाकार सांगतो. त्या दिवशी मात्र पाचव्या स्लिपेवर सापडलं. स्लिपेवर ३,२००, अक्षरी तीन हजार दोनशे. वहीत २,३००. ताईंनी काउंटरवर स्लिप बघून बत्तीसशेच दिले होते. चूक नंतर, वही लिहिताना झाली होती.

“का झाली ते कळलं का तुला?” ताईंनी विचारलं.

मला कळायला लागलं होतं.

“बोलणारा म्हणाला ‘बत्तीसशे’. आपल्या भाषेत आधी एककाचा आकडा येतो. ब ऐकला की हात दोन लिहून मोकळा, मग तीस. झाले तेवीसशे. साहेबांनी तेव्हाच ओळखलं.”

“बोलत कोण होतं, ताई?”

“तू.”

मी तेव्हा लागून चार महिने झाले होते. शेवटची एसटी सव्वासातची होती, म्हणून स्लिपा बोलून झाल्यावर मी निघालो होतो. फरक निघाला तो मी गेल्यावर. दुसऱ्या दिवशी आलो तर सगळं जुळलेलं, ताई गप्प, साहेब गप्प. कुणीतरी म्हणालं, साहेबांनी भरले वाटतं, आणि ते तसंच रूढ झालं. त्या सकाळी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं होतं, हे मला लख्ख आठवतं. ते म्हणाले होते, “आजपासून रक्कम बोलताना आकडे सुटे बोलायचे. तीन, दोन, शून्य, शून्य. तुम्ही बोला, समोरच्याने परत म्हणायचं, मग लिहायचं.” मला वाटलं, हेड ऑफिसचं परिपत्रक असेल. तीस वर्षं तसाच बोलत आलो. फोनवर गॅस नोंदवतानाही.

“त्यांनी मला सांगितलं होतं, पोरगा नवीन आहे, त्याला चूक सांगू नका, पद्धत सांगा,” ताई म्हणाल्या. “आणि रजिस्टरमधल्या माझ्या नोंदीखाली दुसऱ्या ओळीत त्यांनी लिहिलं: फरक सापडला, रोकड बरोबर. कॅशियरची देवघेवीत चूक नाही. ती ओळ नसती तर तो डाग पुसला नसता.”

घरी येऊन पहिला कागद फाडला. नवीन लिहायला वीस मिनिटं पुरली नाहीत, रात्र गेली. मधेच ताईंना फोन केला: तुमचं नाव आणि तुम्ही रडलात ते घेऊ का? “नाव घे. रडणं नको, मी रडलेच नव्हते. तेही तुम्हीच घातलंय,” त्या म्हणाल्या. काकूंना विचारलं. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. शेवटच्या सहा महिन्यांच्या आजारपणाचा शब्दही काढायचा नाही, आणि निवृत्तीचं साल माझ्या कागदावर २००५ आहे ते २००६ करायचं. ते त्यांनी दुरुस्त केलं नसतं आणि मी ते भरसभेत वाचलं असतं, तर साहेबांनी वरूनही लाल शाईने गोल केला असता.

मोठ्याने वाचून पाहिलं तर पाच मिनिटं लागली. मनमिळाऊ गेलं, अजातशत्रू गेलं. बदल्या, पदं, प्रशिक्षणं सगळी एका वाक्यात बसवली. ती यादी काकूंना पाठ होती आणि बाकीच्यांना नको होती. तीनशेच्या आसपास शब्द उरले. सावकाश वाचल्यावर तीन मिनिटांत बसले.

सोमवारी सव्वानऊला सगळे उभे होते. काकूंना पुढे खुर्ची दिली होती, ताई त्यांच्या शेजारी. आधी सांगितलं की खिशातून नऊशे भरल्याची गोष्ट खरी नाही. मागे कुजबुज झाली. शिपाईकाकांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी साहेबांच्या हारातलं फूल काढून घेतलंय. मग रजिस्टर, अर्धे केलेले साडेचारशे, नऊने भागाकार आणि सात स्लिपा सांगितल्या. “ती रक्कम बोलणारा मी होतो आणि ते मला काल कळलं,” या वाक्याला आवाज जरा बसला. कागदात पुढे ‘स्लिपेवर बत्तीसशे होते’ असं लिहिलं होतं. पण वाचताना जिभेने सवयीने वेगळंच केलं.

“स्लिपेवर होते तीन, दोन, शून्य, शून्य,” मी म्हणालो.

आणि कॅशच्या काउंटरमागून, गेल्या वर्षी लागलेल्या मुलीने, तिलाही मीच शिकवलंय, तिने सवयीनेच परत म्हटलं, “तीन, दोन, शून्य, शून्य.”

काही जण हसले, मग एकदम गप्प झाले. पण काकू हसतच होत्या, पदर तोंडाला लावून. ताईंनी त्यांचा हात धरला. शाखाधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिलं आणि दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगितलं.