समुपदेशकाची नोंद आणि रुग्णाचा कागद

नैराश्याच्या रुग्णाशी तासभर बोलून झाल्यावर समुपदेशकाच्या वहीत जे उतरते ते रुग्णाच्या हाती देण्याजोगे नसते, कारण ती नोंद समुपदेशकाने स्वतःच्या स्मरणासाठी आणि स्वतःच्या परिभाषेत केलेली असते. निदान, घरातले जुने कलह आणि समुपदेशकाचे तर्क हे सारे तिच्यात बोलण्याच्या ओघात आले त्या क्रमाने पडलेले असते. आत्महत्येचा विचार ज्याच्या मनात येऊन गेला आहे, अशा रुग्णाला मात्र विचारशक्ती सर्वांत क्षीण असते त्या घटकेला वाचता येईल आणि त्याबरहुकूम वागता येईल असा एकपानी कागद लागतो. या कागदाला सुरक्षा-आराखडा म्हणतात. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राऊन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी त्याला २००८च्या सुमारास सहा पायऱ्यांचे रूप दिले. ‘जिवाचे बरेवाईट करणार नाही’ असे वचन रुग्णाकडून लिहून घेण्याची जुनी पद्धत त्यांनी बाजूला सारली, कारण वचन काय करू नये एवढेच सांगते, आराखडा त्या वेळी काय करावे ते सांगतो.

नोंदीतून आराखडा कसा घडतो हे पाहण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेता येईल. वाराणसीत दशाश्वमेध घाटाजवळ अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात बांधलेला अहिल्याबाई घाट आहे. त्याच्या मागच्या गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबातली बावन्न वर्षांची स्त्री ही येथील रुग्ण मानू. समुपदेशकाची नोंद अशी आहे: पहाटे तीनला जाग, मग झोप नाही. ‘माझ्यामुळे सगळ्यांचे हाल’ असे वारंवार. सुनेशी अबोला. पुण्याच्या ताईचा फोन उचलत नाही. संध्याकाळी घाटावर बसल्यावर बरे वाटते. यजमान म्हणतात, मनाला लावून घेऊ नकोस. मागच्या महिन्याच्या उरलेल्या गोळ्या घरातच. गेल्या मंगळवारी विचार फार बळावले होते.

या नोंदीतले शेवटचे वाक्य समुपदेशकाने सर्वांत आधी उलगडायला हवे. मंगळवारी सकाळपासून काय काय झाले, विचार कधी सुरू झाला, कधी टोकाला गेला आणि कशाने ओसरला, हे रुग्णाकडून क्रमाने ऐकून घेतल्यावर तिच्याही लक्षात येते की ती अवस्था लाटेसारखी चढते आणि काही काळाने उतरते. आराखडा हा त्या मधल्या काळापुरता आधार असतो. आत्महत्येविषयी थेट विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो ही भीती निराधार आहे, आणि तिच्यापायी हा वृत्तांत अर्धवट राहिला तर पुढच्या सर्व पायऱ्या अंदाजाने भरल्या जातात.

पहिली पायरी धोक्याच्या खुणांची आहे. ‘उदास वाटणे’ ही येथे निरुपयोगी खूण ठरते, कारण या रुग्णाला बहुतेक दिवस उदासच वाटते आणि त्यामुळे कागद केव्हा काढायचा ते तिला कळणार नाही. मंगळवारच्या वृत्तांतातून मात्र नेमकी साखळी हाती लागते: पहाटे जाग येते, ‘माझ्यामुळे सगळ्यांचे हाल’ हे वाक्य मनात घोळू लागते, आणि ताईचा फोन वाजत असताना ती तो पालथा ठेवते. आराखड्यात हेच शब्द जसेच्या तसे यावेत. त्यांच्या जागी ‘अपराधभाव’ आणि ‘सामाजिक विलगता’ असे लिहिले की कागद पुन्हा समुपदेशकाचा होतो.

दुसऱ्या पायरीत कोणाचीही मदत न घेता एकट्याने करता येण्याजोग्या दोन-तीन गोष्टी येतात. पहाटे तीनला उठून देव्हाऱ्यातली भांडी घासणे तिने स्वतः सुचवले, तर ‘त्या वेळी हे खरेच होईल का, आणि आड काय येईल’ असे विचारावे. आवाजाने सून जागी होईल असे उत्तर आले, तर त्याऐवजी वाती वळणे लिहावे.

तिसऱ्या आणि चौथ्या पायरीतला भेद नोंदीत कधीच स्पष्ट नसतो आणि आराखडे बहुधा येथेच बिघडतात. तिसरी पायरी केवळ मन दुसरीकडे वळवणाऱ्या माणसांची आणि जागांची आहे, तेथे संकटाविषयी अवाक्षर बोलावे लागत नाही. चौथी पायरी ज्यांना ते स्पष्ट सांगायचे त्यांची आहे. शेजारच्या काकू तिसरीत बसतात, संध्याकाळचा घाटही बसतो. पण आरतीच्या वेळी माणसांनी गजबजलेल्या पायऱ्या आणि अपरात्री एकटीने गाठलेल्या त्याच पायऱ्या या दोन वेगळ्या जागा आहेत, म्हणून ‘घाटावर जाणे’ एवढेच न लिहिता ‘संध्याकाळी, काकूंबरोबर’ असे लिहावे लागते. शिवाय पावसाळ्यात गंगा चढली की या पायऱ्या पाण्याखाली जातात, आणि श्रावण-भाद्रपदात आराखड्याची ही ओळ आपोआप रद्द होते. त्या महिन्यांसाठी गल्लीतल्या एखाद्या देवळाचे किंवा ओळखीच्या घराचे नाव आधीच लिहून ठेवायला हवे.

चौथ्या पायरीत नाते जवळचे म्हणून नाव घालू नये. ‘मनाला लावून घेऊ नकोस’ म्हणणारे यजमान प्रेमापोटीच तसे म्हणतात, परंतु ते वाक्य ऐकून बोलणे तिथेच थांबत असेल तर पहिले नाव पुण्याच्या ताईचे असावे, आणि ताईला आपले नाव तेथे आहे हे आधी कळलेले असावे. त्यावेळी बोलायचे पहिले वाक्यही ठरवून लिहावे, कारण फोन उचलला गेल्यावर शब्द फुटत नाहीत.

पाचव्या पायरीत समुपदेशक व उपचार करणारे डॉक्टर यांचे क्रमांक, ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू झालेल्या सरकारी टेलिमानस सेवेचा चोवीस तास चालणारा १४४१६ हा क्रमांक, आणि काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या सर सुंदरलाल रुग्णालयाचे नाव येईल. रुग्णालयात नेले तर पोलिसांचा ससेमिरा लागेल या धास्तीने घरचे कचरतात. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे ११५वे कलम आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरते आणि तिला शिक्षेपासून संरक्षण देते, हे कुटुंबाला समजावून सांगावे. धोका अगदी जवळ आला असेल तर आधीच्या चार पायऱ्या चढत बसू नये, थेट येथे यावे, हेही कागदावर ठळक असावे.

सहावी पायरी घर सुरक्षित करण्याची आहे. लाट उतरेपर्यंत घातक साधन हाताशी नसणे यानेच पुष्कळदा जीव वाचतो, म्हणून उरलेल्या गोळ्या औषधांच्या दुकानात किंवा रुग्णालयात परत द्याव्यात, चालू औषधे थोड्याच दिवसांची आणावीत आणि ती कोणी सांभाळायची त्याचे नाव लिहावे. ते नाव सुनेचे असेल तर अबोल्याचा प्रश्न येतो. रोज सुनेपुढे हात पसरायचा या कल्पनेने रुग्ण औषधच सोडून देईल. येथे यजमानांचे नाव योग्य ठरते, कारण या कामाला ऐकून घेण्याचे कौशल्य लागत नाही, नेम लागतो.

सुनेशी असलेला अबोला, निदान आणि समुपदेशकाचे तर्क मात्र आराखड्यात येत नाहीत, कारण तो कागद उशाशी राहणार आहे आणि घरातला कोणीही तो वाचू शकतो.

स्टॅन्ली, ब्राऊन आणि सहकाऱ्यांनी २०१८मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून आराखडा घेऊन घरी गेलेल्या रुग्णांत पुढील सहा महिन्यांत आत्मघाती वर्तन सुमारे ४५ टक्क्यांनी कमी आढळले. परंतु त्या रुग्णांना नंतर दूरध्वनी करून आराखडा वापरला का, कोणती ओळ निरुपयोगी ठरली, हेही विचारले जात होते, आणि गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते. म्हणून ते यश एकट्या कागदाचे मानता येत नाही. आराखडा हा नैराश्यावरचा उपचारही नव्हे, औषधे आणि समुपदेशन त्याच्या जोडीने चालूच राहतात. या रुग्णाच्या बाबतीत पुढच्या भेटीत विचारायचे प्रश्न त्यामुळे साधे आहेत: कागद कोठे ठेवला आहे, पहाटे तीनला दिवा न लावता तो सापडतो का, आणि ताईचा फोन या आठवड्यात किती वेळा पालथा राहिला.