कोमट दुधातले कॉर्नफ्लेक्स

१९८३ साली थिओडोर लेव्हिट यांनी ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये लिहिलं की जगाची आवडनिवड एकसारखी होत चालली आहे, म्हणून कंपन्यांनी देशोदेशी वेगळा माल करत बसू नये, एकच चांगला माल सगळीकडे स्वस्तात विकावा. त्यातला ‘स्वस्तात’ हा शब्द पुढे बहुतेक जण विसरले. एकच माल प्रचंड प्रमाणात काढला की नगामागचा खर्च उतरतो आणि किंमत इतकी कमी करता येते की गिऱ्हाईक आपली छोटी आवड सोडून देतं, असा तो हिशेब होता. तो स्वस्ताईवर उभा आहे.

१९९४ मध्ये अमेरिकेची केलॉग कंपनी भारतात उतरली. कारखाना आपल्या तळोज्याला. पहिला माल तिचा जगभरातला नेहमीचाच, कॉर्नफ्लेक्स. किंमत मात्र इथे आधीपासून मिळणाऱ्या मोहन्सच्या कॉर्नफ्लेक्सपेक्षा बरीच जास्त. म्हणजे माल एकसारखा ठेवला, पण त्यातून मिळायचा फायदा गिऱ्हाइकाच्या हातात पडलाच नाही. भरीला सुरुवातीच्या जाहिरातींचा रोख असा, की भारतीय न्याहारी फारशी पौष्टिक नाही. पोहे-उपमा करणाऱ्या बाईला तिच्याच स्वयंपाकाबद्दल असं सांगून तिच्याकडून पैसे कसे निघायचे?

सुरुवातीला खप चांगला झाला आणि काही महिन्यांत घसरला. हे नव्या बाजारात वारंवार घडतं, कारण पहिल्या महिन्यांचे आकडे फसवे असतात. त्यात वितरकांनी आणि दुकानदारांनी भरून ठेवलेला माल असतो आणि निव्वळ कुतूहलाने घेतलेला पहिला पुडा असतो. समजा, हजार घरांनी पहिला पुडा घेतला आणि दीडशेंनीच दुसरा. विक्रीच्या आलेखावर पहिले काही महिने हे दिसतच नाही, कारण नवी हजार घरं येतच असतात. ती संपली की रेघ कोसळते. म्हणून पहिल्या दिवसापासून मोजायचा तो दुसरा पुडा.

दुसरा पुडा का गेला नाही, याचं उत्तर वाडग्यात होतं. कॉर्नफ्लेक्स करताना मक्याच्या कण्या शिजवून, वाळवून, लाटून भाजतात. त्यात पाणी जवळजवळ उरत नाही, म्हणून ते कुरकुरतात. थंड दुधात ही कुरकूर काही मिनिटं टिकते. आपल्याकडे दूध तापवायचं आणि सकाळी मुलांना गरमच द्यायचं, ही घराघरातली रीत. गरम दूध ओतलं की पाणी झपाट्याने आत शिरतं आणि वाडग्यात लगदा होतो. कोणी सांगितल्याप्रमाणे थंड दूध घेतलंच, तर वर घातलेली साखर धड विरघळत नाही, तळाशी बसते. चवीबद्दल कितीही सर्वेक्षणं केली असती तरी हे कळलं नसतं. त्यासाठी सकाळी साडेसातला कोणाच्या तरी ओट्यापाशी उभं राहायला हवं होतं.

यावर कंपनीने काय केलं, ते मला सर्वांत बोधक वाटतं. १९९८ मध्ये तिने ‘मझा’ नावाने आंबा, नारळ, गुलाब अशा खास देशी स्वादांचे फ्लेक्स आणले. स्थानिक बाजारासाठी बदल करायचा म्हणजे काय, याची पाठ्यपुस्तकी कल्पना हीच. ते टिकले नाहीत. आणि चालले ते कोण? चोकोज आणि फ्रॉस्टीज! चॉकलेटची चव आणि साखरेचा मुलामा, दोन्ही परदेशातच घडलेले. पण फ्रॉस्टीजमध्ये साखर आधीच दाण्यावर चढवलेली असते, ती दुधात विरघळण्याची वाट पाहावी लागत नाही. चोकोज तर मुलं दुधाशिवायही मुठीने खातात. गुलाबाचा स्वाद मात्र गरम दुधाचं काहीच करू शकत नव्हता.

म्हणजे ‘एकसारखा माल की स्थानिक माल’ हा वाद जसा मांडतात तसा निरर्थक आहे. देशी रंग चढवला की जुळवून घेतलं, असं नसतं. शिवाय प्रत्येक नव्या स्वादासाठी उत्पादन थांबवून यंत्रं धुवावी लागतात, वेगळं वेष्टन छापावं लागतं, दुकानात आणखी जागा मागावी लागते. खप मात्र विभागला जातो. म्हणून माझं मत असं, की कारखान्यातली प्रक्रिया, दर्जाची कसोटी आणि नाव सगळीकडे एकच ठेवावं. पुड्याचा आकार, किंमत, जाहिरातीतला सूर आणि वापराची सूचना बिनदिक्कत बदलावी. मूळ पदार्थाला हात लावण्याआधी आपल्याच जगभरच्या यादीत इथल्या वापराला बसणारा माल आहे का, ते पाहावं.

याला मर्यादा आहेच. कधी यादीत काहीच बसत नाही, आणि मग नवा पदार्थ घडवण्यावाचून गत्यंतर नसतं. याच कंपनीने पुढे भारतात झटपट उपमाही विकायला आणला.

आपल्याकडून मसाले, लोणची, चिवडे घेऊन दुबईला किंवा लंडनला निघालेल्या उद्योजकांना एवढंच सांगणं आहे: पहिली ऑर्डर बहुधा तिथल्या आपल्याच माणसांची असेल. ती परदेशी बाजारपेठ मिळाल्याची खूण समजू नका. तिथल्या शेजारणीने दुसरा पुडा घेतला का, ते विचारा.