दोन गोळे आणि एक नळी

हिंजवडीत जिकडे पाहावं तिकडे इमारत उठते आहे, त्यामुळे जिन्याच्या स्टील रेलिंगवर बसवतात ते पोकळ गोळे फॅब्रिकेशनवाल्याकडे सहज मिळतात. मुठीपेक्षा थोडे मोठे, साधारण 8 सेंमी व्यासाचे दोन घ्यावेत. दोन कोरड्या प्लास्टिकच्या बाटल्यांच्या तोंडावर ते पक्के चिकटवावेत आणि एकमेकांना टेकतील असे शेजारी ठेवावेत. लोकरीच्या कापडाने घासलेली पीव्हीसीची नळी डाव्या गोळ्याजवळ आणायची, पण टेकवायची नाही. नळी तिथेच धरून, बाटलीला धरून उजवा गोळा बाजूला सरकवायचा. मग नळी दूर करायची. आता दोन्ही गोळ्यांवर प्रभार आहे. डाव्यावर धन, उजव्यावर ऋण.

नळीवर होता ऋण प्रभार. त्यातला कणभरही गोळ्यांवर गेलेला नाही. मग हे आलं कुठून?

बाहेरून काहीच आलं नाही. टेकलेले असेपर्यंत ते दोन गोळे नसून विजेच्या दृष्टीने धातूचा एकच लांबट तुकडा असतो, आणि धातूत इलेक्ट्रॉन मोकळे हिंडतात. ऋण नळी त्यांना दूर ढकलते, म्हणून काही इलेक्ट्रॉन डावीकडून उजवीकडे सरकतात. किती सरकतील यालाही हद्द आहे. उजवीकडे साचलेला ऋण आणि डावीकडे उघडा पडलेला धन मिळून धातूच्या आत नळीच्या बरोबर उलट जोर लावतात. दोन्ही जोर फिटले की सरकणं थांबतं. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आधी उरकतं.

गोळ्यावर 2 नॅनोकूलोम प्रभार आला असं धरलं, तर सुमारे 1,250 कोटी इलेक्ट्रॉन हलले. आकडा मोठा वाटतो. पण 100 ग्रॅम वजनाच्या गोळ्यात लोखंडाचे अणू इतके असतात, की 80 लाख कोटी अणूंमागे जेमतेम एक इलेक्ट्रॉन गेला. एवढ्यानेच गोळ्याचं विद्युत विभव साडेचारशे व्होल्टच्या घरात पोचतं.

या प्रयोगाचा सगळा जीव क्रमात आहे. आधी गोळे वेगळे, मग नळी दूर. उलट केलंत, म्हणजे गोळे टेकलेले असतानाच नळी काढलीत, तर ढकलणारं कोणी उरत नाही, इलेक्ट्रॉन परत फिरतात आणि नंतर कितीही दूर नेलेत तरी दोन्ही गोळे कोरेच. नळी जवळ असताना गोळे वेगळे केले की परतीची वाट तुटते. जवळच्या गोळ्यावर नळीच्या विरुद्ध चिन्ह राहतं, दूरच्यावर नळीचंच. रेशमाने घासलेली काचेची कांडी, म्हणजे धन प्रभार, वापरली तर इलेक्ट्रॉन तिच्याकडे ओढले जातात आणि दोन्ही चिन्हं उलटतात. नियम तोच राहतो.

इथे पुष्कळांना वाटतं की एक गोळा मोठा घेतला तर त्याच्यावर जास्त प्रभार बसेल. नाही. सुरुवातीची बेरीज शून्य होती, एकाने गमावलं तेवढंच दुसऱ्याला मिळालं. गोळे असमान असोत किंवा एकाच्या जागी स्टीलचा डबा असो, प्रभार सारखे आणि विरुद्धच राहणार. पडताळाही सोपा आहे: नळी दूर ठेवून गोळे पुन्हा टेकवा, दोन्हींवरचा प्रभार नाहीसा होतो.

चिन्ह ओळखताना मात्र जपावं. नायलॉनच्या दोऱ्याला ॲल्युमिनियम फॉइलची हलकी गोळी टांगा आणि तिला नळीचा स्पर्श करून ऋण करा. उजवा गोळा तिला दूर लोटेल, डावा ओढेल. यातल्या लोटण्यावर विश्वास ठेवावा. ओढण्यावर नाही, कारण प्रभार नसलेला गोळाही तिला ओढतो, आणि तोही याच प्रवर्तनाने. म्हणून डाव्या गोळ्यासाठी काचेच्या कांडीने धन केलेली दुसरी गोळी हवी. डाव्याने तिला लोटलं की शंका मिटली.

दोन्ही गोळ्यांवर एकच चिन्ह सापडलं तर काय चुकलं हे ते चिन्हच सांगतं. दोन्ही ऋण, म्हणजे नळी टेकली किंवा ठिणगी उडून तिचा प्रभार गोळ्यांवर उतरला. दोन्ही धन, म्हणजे नळी जवळ असताना कोणाचं तरी बोट लागलं. मग दूर जाऊ पाहणाऱ्या इलेक्ट्रॉनना उजव्या गोळ्यापेक्षाही लांबची जागा मिळाली, अंगातून जमिनीपर्यंत. बोट कुठल्या गोळ्याला लागलं याने फरक पडत नाही, डाव्याला लागलं तरी निकाल हाच.

आणि काहीच सापडलं नाही तर आधी कॅलेंडर बघावं. फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या दुपारी हा प्रयोग सुरेख होतो. जुलैत बाटलीच्या पृष्ठभागावर ओलाव्याचा न दिसणारा थर बसतो आणि गोळी दोऱ्याला बांधेपर्यंत प्रभार त्यावरून निसटून गेलेला असतो. अशा वेळी बाटल्या हेअर ड्रायरने कोमट हवेत वाळवून लगेच प्रयोग करावा.