भिंती आणि पूर्वकर्म

उंब्रजचा मारुती हा समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक. त्याच समर्थांनी दासबोधात आध्यात्मिक, आधिभौतिक आणि आधिदैविक अशा तीन तापांत दुःख विभागले. ताप कसकसे येतात हे त्यातून कळते. पण दयाळू आणि सर्वशक्तिमान देव असताना ते येतातच का? 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे उंब्रजच्या पश्चिमेला कोयनानगर हादरले आणि सुमारे 180 माणसे दगावली. हा प्रश्न तेव्हापासून या मुलखाच्या अगदी उंबऱ्याशी आहे.

1955 मध्ये जे. एल. मॅकी यांनी आरोप कडक केला: असा देव आहे आणि जगात दुःख आहे, ही दोन विधाने एकत्र नांदूच शकत नाहीत. आरोप विसंगतीचा असल्यामुळे उत्तर खरे असण्याची गरज नव्हती, शक्य असले तरी पुरे होते. ॲल्विन प्लँटिंगा यांनी ते दिले: माणूस खरोखर स्वतंत्र हवा असेल, तर तो वाईट निवडणारच नाही अशी हमी देवालाही देता येणार नाही. भूकंपाचे काय? त्यामागे अदृश्य स्वतंत्र शक्ती असू शकतील, असे ते म्हणाले. ऐकायला विचित्र, पण विसंगती मोडायला एवढे चालते. बहुतेक तत्त्वज्ञांनी मग हा मार्ग सोडला.

1979 मध्ये विल्यम रो यांनी मागणी बदलली. वणव्यात होरपळून, कुणाच्याही नजरेस न पडता दिवसेंदिवस तडफडणारे हरणाचे पाडस त्यांनी पुढे केले. अशा यातनेतून काही भले निघते असे दिसत नाही, म्हणून देव असण्याची शक्यता घटते. इथे नुसती शक्य कथा चालत नाही, ती पटण्याजोगी हवी. दुःखातून माणूस घडतो, हे जॉन हिक यांचे उत्तर वाचलेल्यांना लागू पडेल. झोपेतच गेलेल्या पोराला नाही.

आपल्याकडचे उत्तर जुने आहे. देव पक्षपाती किंवा निर्दय नाही, तो जीवांच्या कर्मानुसार फळ देतो आणि कर्म अनादि आहे, असे ब्रह्मसूत्रांच्या भाष्यात शंकराचार्य मांडतात. विसंगतीच्या आरोपापुढे हे भक्कम टिकते. पण पुरावा मागितला की कोयनेची घरे पाहावी लागतात. मातीत रचलेल्या दगडी भिंती कोसळल्या. शिवाय धरणात साठलेल्या पाण्यानेच भूकंपाला चालना दिली, असे बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. म्हणजे मरणाची वाटणी बांधकामाप्रमाणे झाली. पूर्वकर्मच त्या भिंतींतून काम करत होते, असे म्हणता येईल. मग सिमेंटची घरे पडली असती तरी हेच म्हटले असते, आणि प्रत्येक निकालाला चालणारे स्पष्टीकरण शक्यतेचे पारडे कुठेच हलवत नाही.

उरते स्टीफन विक्स्ट्रा यांचे 1984 चे म्हणणे: देवाची कारणे आपल्याला दिसतील अशी अपेक्षाच चुकीची. मला हे सर्वांत ताकदवान उत्तर वाटते आणि सर्वांत महागही. कारण देवाचे हेतू इतके अगम्य असतील, तर पावसाच्या वेळेवर येण्यातही त्याची दया वाचण्याचा आपला हक्क जातो.